अंतरा इंजेक्शन: तारखा कशा धरायच्या, बाळ हवं असेल तर कधी थांबायचं आणि हाडांचं काय

अंतरा घ्यायला गेलं की सिस्टर एक गोष्ट हमखास सांगतात: ‘तीन महिन्यांनी परत या.’ हे बरोबर आहे, पण तेवढंच लक्षात ठेवून घरी आलेल्या बाईची पुढे फसगत होते. तिला वाटतं, औषध तीन महिने अंगात राहतं आणि मग निघून जातं. प्रत्यक्षात या इंजेक्शनाचे तीन वेगवेगळे हिशेब आहेत. गर्भ राहू न देण्याची खात्री तीन महिन्यांची असते. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला साधारण दहा महिने लागतात. आणि हाडांचा विचार दोन वर्षांनी करायचा असतो. मी स्वतः दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात अंतरा घेतली. तेव्हा हे तीन हिशेब कुणी एका जागी बसून सांगितले असते, तर बरीच काळजी वाचली असती. म्हणून हे लिहिते आहे.

औषधाचं नाव मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. एका डोसात १५० मिलिग्रॅम असतं. आपल्या सरकारी केंद्रांत २०१७ पासून ते ‘अंतरा’ या नावाने मोफत मिळतं. खासगी दवाखान्यांत मात्र १९९३ पासून मिळत होतं. मधल्या काळात स्त्री संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता. बाईला पूर्ण माहिती मिळते का, नंतर तिची तपासणी होते का, हे त्यांचे प्रश्न होते आणि आजही ते विचारण्यासारखेच आहेत.

१. हे इंजेक्शन आपल्याला चालतं का, हे आधी बघा

पहिला डोस डॉक्टरांनी तपासून द्यायचा असतो, पुढचे डोस सिस्टर देऊ शकतात. त्या पहिल्या तपासणीत काही लपवू नका. पुढच्यापैकी काही असेल तर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा:

- स्तनाचा कर्करोग आहे किंवा पूर्वी झाला होता
- पाळीव्यतिरिक्त अंगावरून जातं आणि त्याचं कारण अजून सापडलेलं नाही
- रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून जास्त असतो
- अर्धांगवायूचा झटका किंवा हृदयविकार होऊन गेला आहे
- यकृताचा गंभीर आजार आहे
- बाळ अंगावर पितं आणि ते अजून सहा आठवड्यांचं झालेलं नाही
- दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत

शेवटचा मुद्दा हाडांशी जोडलेला आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आणखी एक गोष्ट इथेच मनाशी ठरवा. येत्या सहा-आठ महिन्यांत बाळ हवं असेल, तर हे साधन तुमच्यासाठी नाही. गोळ्या, निरोध किंवा तांबी बंद केली की फार वाट बघावी लागत नाही. इथे ती बघावी लागते, आणि एकदा टोचलेलं औषध अंगातून काढून घेता येत नाही.

सोबत नेण्यासारखं फार काही नाही. लेकुरवाळ्या असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, शेवटच्या पाळीची तारीख आणि मोबाईल नंबर, कारण पुढच्या तारखेची आठवण बऱ्याच ठिकाणी फोनवर किंवा आशाताईंकडून होते. नवऱ्याची सही लागते असं कुणी म्हणालं, तर तशी अट नाही. निर्णय तुमचा असतो.

२. पहिला डोस: दिवस कोणता, काळजी कोणती

पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत इंजेक्शन घेतलं तर ते लगेच लागू पडतं. त्यानंतर घ्यायचं असेल तर गर्भ राहिलेला नाही याची खात्री करून देतात आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायला सांगतात. ते सात दिवस मनावर घ्या. गर्भपात झाल्यावर त्याच दिवशी किंवा सात दिवसांच्या आत घेता येतं. बाळ अंगावर पीत असेल तर सहा आठवडे झाल्यावर.

इंजेक्शन दंडात, कमरेत किंवा मांडीत स्नायूत देतात. औषध म्हणजे पाण्यात मिसळलेले बारीक कण असतात, म्हणून कुपी आधी नीट हलवावी लागते. हे कण स्नायूत साठून राहतात आणि हळूहळू विरघळतात. पुढचा सगळा हिशेब या हळू विरघळण्यावर उभा आहे.

म्हणूनच टोचलेली जागा चोळायची नाही आणि शेकायचीही नाही. आपल्याकडे सुई टोचली की कापसाने चोळायची सवय आहे, आणि घरी आल्यावर आई किंवा सासूबाई प्रेमाने गरम पाण्याची पिशवी घेऊन येतात. चोळल्याने आणि शेकल्याने औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिन्यांची खात्री कमी होऊ शकते. दुखलं तर दुखू द्या, एक-दोन दिवसांत थांबतं.

निघण्याआधी कार्ड मागून घ्या. अंतराचं वेगळं कार्ड असतं, त्यावर आजची आणि पुढची तारीख लिहून मिळते. गर्दीत बऱ्याच जणींना तारीख तोंडी सांगून पाठवतात. तसं झालं तर तिथेच उभं राहून ती लिहून घ्या.

३. पुढच्या तारखा कशा काढायच्या

तीन महिने म्हणजे इथे १३ आठवडे, म्हणजे ९१ दिवस. १३ आठवडे मोजले की वार तोच येतो, हे मोजायला फार सोयीचं आहे. बुधवारी घेतलं तर पुढचं बुधवारीच येणार. तारीख काढल्यावर वार जुळला नाही, तर मोजण्यात चूक आहे असं समजा.

या तारखेच्या दोन्ही बाजूंना थोडी सवलत आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे इंजेक्शन दोन आठवडे आधी घेता येतं, आणि चार आठवडे उशीर झाला तरी गर्भतपासणी न करता देता येतं. पण ही सवलत अडचणीसाठी ठेवलेली आहे. ‘अजून महिना आहे’ म्हणून दर वेळी पुढे ढकलायला नाही.

माझ्या धाकट्या जावेचं उदाहरण तिच्या परवानगीने देते, कारण त्यात सगळे प्रकार आले. तिचं पहिलं बाळ नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं. सहा आठवडे उलटल्यावर, बुधवारी १२ जानेवारी २०२२ रोजी तिने पहिलं इंजेक्शन घेतलं. पुढची तारीख १३ एप्रिल. ३० मार्चपासून ११ मेपर्यंत कधीही गेली असती तरी चाललं असतं, पण ती वेळेवर गेली. मग १३ जुलै, १२ ऑक्टोबर आणि ११ जानेवारी २०२३. त्यानंतरची तारीख १२ एप्रिल होती, पण ती जत्रेला माहेरी गेली आणि राहिली. परत आल्यावर ३ मे रोजी केंद्रात गेली. तीन आठवडे उशीर झाला होता, सवलत १० मेपर्यंत होती, म्हणून तपासणी न करता इंजेक्शन मिळालं.

इथे एक घोळ व्हायची शक्यता असते. तिच्या कार्डावर जुन्या क्रमाने पुढची तारीख १२ जुलै लिहिली जात होती. ते बरोबर नव्हतं. पुढची तारीख ठरलेल्या दिवसापासून नव्हे, ज्या दिवशी प्रत्यक्ष सुई टोचली त्या दिवसापासून मोजायची असते. ३ मेपासून १३ आठवडे म्हणजे २ ऑगस्ट. लवकर घेतलं तरी हाच नियम. बाळंतपणाला, लग्नसराईला किंवा ऊसतोडीला गाव सोडून जाणार असाल, तर दोन आठवडे आधी घेऊन जाणं केव्हाही बरं. कार्ड सोबत ठेवलं तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातही पुढचा डोस मागता येतो.

चार आठवड्यांहून जास्त उशीर झाला असेल तर मनाने ठरवू नका, केंद्रात जाऊन खरं सांगा. मधल्या काळात संबंध आलेच नसतील किंवा दर वेळी निरोध वापरला असेल, तर बहुधा लगेच इंजेक्शन देतात आणि सात दिवस निरोध वापरायला सांगतात. निरोधाविना संबंध आले असतील तर लघवीची तपासणी होते. शेवटचा संबंध पाच दिवसांच्या आतला असेल तर तातडीची गोळी घेता येते, आणि ती जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. फार ताज्या संबंधातून राहिलेला गर्भ त्या दिवशीच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायला विसरू नका.

परदेशात राहणाऱ्या मैत्रिणींसाठी: उशिराची मुदत देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये साधारण १४ आठवड्यांपर्यंत आणि अमेरिकेत १५ आठवड्यांपर्यंत धरतात. इथल्या चार आठवड्यांच्या सवलतीवर विसंबून तिथल्या नर्सकडे गेलात तर ती तपासणी सांगेल. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

४. पाळी बदलते, तेव्हा काय समजायचं

पहिल्या काही महिन्यांत पाळीचा मेळ बसत नाही. कधी डाग पडतात, कधी आठ-दहा दिवस थोडं थोडं अंगावरून जातं. पुढे पाळी येईनाशी होते. वर्षभर इंजेक्शन घेतलेल्या बायकांपैकी निम्म्यांहून थोड्या अधिक जणींची पाळी पूर्ण थांबलेली असते, आणि दोन वर्षांनी हे प्रमाण आणखी वाढतं.

‘पाळीचं रक्त आत साठतं’ ही भीती फार जणींना असते. रक्त कुठेही साठत नाही. पाळीत जे जातं ते गर्भाशयाचं आतलं अस्तर असतं. या औषधाने अस्तर पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही तयारच होत नाही. थांबलेली पाळी हा औषधाचाच परिणाम आहे, पाळी आणण्यासाठी वेगळ्या गोळ्या घेण्याची गरज नसते.

दवाखान्यात कधी जायचं, हे मात्र ठरवून ठेवा. नेहमीच्या पाळीच्या दुप्पट रक्त जात असेल किंवा आठ दिवसांहून जास्त दिवस जोरात जात असेल, तर थांबू नका. इंजेक्शनाच्या तारखा चुकल्या असतील आणि पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. डोकेदुखी आणि वजन वाढणं हे त्रासही काहींना होतात. वजन सुरुवातीला नोंदवून ठेवलं तर नंतर अंदाजाने बोलावं लागत नाही.

५. बाळ हवं असेल तर मागे मोजत या

माझ्या मते या लेखातला हा सगळ्यात कामाचा भाग आहे.

औषधाचे कण प्रत्येकीच्या अंगात सारख्या वेगाने विरघळत नाहीत. तीन महिन्यांची मुदत अशी ठरवली आहे की ज्यांच्या अंगातून औषध लवकर जातं त्यांनाही संरक्षण मिळावं. म्हणजे बहुतेक बायकांच्या अंगात तीन महिन्यांनंतरही थोडं औषध उरलेलं असतं. शेवटचा अंश जायला काहींना सहा-सात महिने लागतात. तो गेल्यावर बीजकोश पुन्हा कामाला लागतात, मग पाळी येते, मग दिवस राहतात.

औषधासोबतच्या माहितीपत्रकात याचे आकडे दिलेले आहेत. बाळासाठी इंजेक्शन थांबवलेल्या बायकांपैकी निम्म्यांना शेवटच्या इंजेक्शनापासून दहा महिन्यांच्या आत दिवस राहिले. वर्षभरात शंभरातल्या ६८ जणींना, सव्वा वर्षात ८३ जणींना आणि दीड वर्षात ९३ जणींना. सगळ्यात लवकर चौथ्या महिन्यात, आणि सगळ्यात उशिरा ३१ महिन्यांनी. हे महिने शेवटच्या इंजेक्शनाच्या दिवसापासून मोजलेले आहेत, हुकवलेल्या तारखेपासून नाहीत.

किती वर्षं इंजेक्शन घेतलं यावर हा उशीर अवलंबून नसतो. दोन डोस घेतलेली आणि बारा डोस घेतलेली, दोघींनाही साधारण तेवढाच वेळ लागतो, कारण अंगातून जायचं असतं ते शेवटच्या डोसाचं औषध. ‘फार घेतलंस म्हणून आता मूल होणार नाही’ हे म्हणणं खोटं आहे.

आता जावेचंच उदाहरण पुढे नेते. तिला दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर हवं होतं, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला दिवस राहावेत. तिथून दहा महिने मागे मोजले की २०२३ चा मार्च ते मे येतो. ३ मेचं इंजेक्शन तिने शेवटचं धरलं आणि २ ऑगस्टचं घेतलं नाही. पण ऑगस्टमध्ये तिला बाळ नको होतं, म्हणून २ ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत त्यांनी निरोध वापरला. ऑक्टोबरमध्ये नुसते डाग पडले. नीट पाळी डिसेंबरमध्ये आली. जानेवारीत निरोध बंद केला आणि एप्रिल २०२४ मध्ये तिला दिवस राहिले, शेवटच्या इंजेक्शनापासून अकराव्या महिन्यात. आकड्यांच्या मानाने ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, पण घरात फेब्रुवारीतच ‘इंजेक्शनाने कूस बंद झाली’ असं बोलणं सुरू झालं होतं. तिच्याकडे तारखा लिहिलेल्या होत्या, म्हणून ती सासूबाईंना शांतपणे समजावू शकली.

या टप्प्यावर बायका दोन बाजूंनी फसतात. काही जणी म्हणतात, पाळी आलेली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत. बीज पहिल्या पाळीच्या आधी बाहेर पडतं, त्यामुळे पाळी न येताच दिवस राहू शकतात. इंजेक्शन सोडलं आणि बाळ नको आहे, तर ठरलेल्या तारखेपासूनच दुसरं साधन हवं. चार आठवड्यांची सवलत पुढचं इंजेक्शन घेण्यासाठी आहे, तो महिना फुकटचं संरक्षण म्हणून धरू नका.

दुसऱ्या बाजूला काही जणी चार-सहा महिन्यांत घाबरून मोठ्या तपासण्या सुरू करतात. शेवटच्या इंजेक्शनाला वर्ष व्हायच्या आत तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल आणि बाकी काही त्रास नसेल, तर बहुतेक वेळा वाट बघण्याशिवाय काही करायचं नसतं. शेवटच्या इंजेक्शनाला वर्ष होऊनही पाळी आली नाही, किंवा दीड वर्ष होऊनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. वय पस्तीसच्या पुढे असेल किंवा इंजेक्शनाच्या आधीपासूनच पाळी अनियमित असेल, तर इतकं थांबू नका. आणि तपासणीला नवऱ्यानेही जायचं असतं. वीर्याची तपासणी स्वस्त आणि सोपी आहे, ती सगळ्यात आधी व्हावी. इंजेक्शन बायकोने घेतलं होतं म्हणून दोष तिचाच, असं धरून वर्ष फुकट गेलेली जोडपी मी पाहिली आहेत.

जाता जाता, पस्तिशी ओलांडलेल्या आणि अजून मूल हवं असलेल्या बाईने हे इंजेक्शन निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वयात दहा महिने ही मोठी किंमत आहे.

६. हाडांचा हिशेब: दोन वर्षांनी थांबून विचार करा

या औषधाने बीजकोशांचं काम थांबतं, तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरकही कमी तयार होतं. हाड रोज थोडं झिजत असतं आणि रोज थोडं भरत असतं. इस्ट्रोजेन या झिजण्याला आवर घालतं. ते कमी झालं की झीज भरण्याच्या पुढे जाते आणि हाडांची घनता उतरते. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, त्याचं मूळही हेच आहे.

किती उतरते? पाच वर्षं सलग इंजेक्शन घेतलेल्या बायकांत मणक्याची आणि खुब्याची घनता सरासरी ५ ते ६ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. यातली जास्त घट पहिल्या दोन वर्षांत होते, नंतर वेग मंदावतो. इंजेक्शन बंद केल्यावर घनता पुन्हा वाढू लागते. मणका लवकर सावरतो, खुब्याला जास्त वेळ लागतो. दोन वर्षांत बराचसा भाग भरून येतो, पण सगळ्यांत पूर्ण येतोच असं नाही. तुलनेसाठी, अंगावर पाजण्याच्या काळातही हाडांची घनता काही टक्क्यांनी उतरते आणि दूध सोडल्यावर परत येते.

२००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला: दुसरं कोणतंच साधन चालत नसेल तरच दोन वर्षांहून जास्त वापरा. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं की १८ ते ४५ वयाच्या बायकांवर मुदतीचं बंधन घालायची गरज नाही. १८ च्या आतल्या आणि ४५ च्या वरच्यांनी फायदा-तोटा बघून ठरवावं. दोघांचं म्हणणं ऐकून गोंधळ होतो, म्हणून मी त्यातून काय घेते ते सांगते. दोन वर्षं झाली म्हणून इंजेक्शन आपोआप बंद करायचं नाही, पण दोन वर्षं झाली की डॉक्टरांसमोर बसून नव्याने विचार करायचा. नववा डोस घेण्याआधीचा दिवस कार्डावर खूण करून ठेवा. आठ डोस म्हणजे जवळपास दोन वर्षं.

त्या दिवशी डॉक्टरांना या गोष्टी सांगा: घरात आईचं किंवा आजीचं खुब्याचं हाड किरकोळ पडण्याने मोडलं होतं का, तुमचं स्वतःचं असं काही मोडलं आहे का, स्टेरॉइड किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का, थायरॉइड वाढलेला आहे का, वजन फार कमी आहे का. मिश्री किंवा तंबाखू असेल तर तेही सांगा, लाजू नका. यातलं काही असेल तर दुसरं साधन बघणं शहाणपणाचं. तांबीचा हाडांवर काहीच परिणाम होत नाही. दोन मुलं झाली आणि पुढे नको असतील, तर नवऱ्याची नसबंदी हाही पर्याय त्याच बैठकीत बोलून घ्या. ती बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते.

अठराच्या आतल्या मुलींचा मुद्दा वेगळा आहे. त्या वयात हाडं अजून भरत असतात आणि त्या भरतीवरच पुढचं आयुष्य काढायचं असतं. पंचेचाळिशीच्या पुढे उलटं होतं: पाळी जायची वेळ जवळ आलेली असते, तेव्हा हाडांना सावरायला मधे वेळच मिळत नाही. शिवाय इंजेक्शनाने पाळी थांबलेली असल्यामुळे ती कायमची गेली की औषधाने थांबली, हे कळत नाही. या वयात साधन बदलण्याबद्दल डॉक्टरांशी लवकर बोला.

७. हाडांची तपासणी आणि कॅल्शियमच्या गोळ्या

इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येकीने हाडांची तपासणी करावी असा सल्ला कुठेही नाही. वर सांगितल्यापैकी कारण असेल तेव्हाच डॉक्टर डेक्सा तपासणी सांगतात. ती मणक्याची आणि खुब्याची, पडून करायची तपासणी असते.

गावोगावी होणाऱ्या मोफत ‘हाडांच्या शिबिरां’त मात्र टाचेवर छोटं यंत्र लावतात. ते ध्वनिलहरींनी टाच मोजतं. इंजेक्शनाचा परिणाम मणक्यावर आणि खुब्यावर बघायचा असतो, तो टाचेवरून ठरवता येत नाही. त्या चिठ्ठीवर टी-स्कोअर असतो, म्हणजे तिशीतल्या निरोगी हाडाशी केलेली तुलना. ती पाळी गेलेल्या बायकांसाठी आहे. पाळीच्या वयातल्या बाईसाठी झेड-स्कोअर बघायचा असतो, म्हणजे तिच्याच वयाच्या बायकांशी तुलना, आणि तो उणे २ किंवा त्याखाली असेल तरच वयाच्या मानाने हाडं कमी भरलेली आहेत असं म्हणतात. शिबिरातली ‘हाडं झिजली’ ही चिठ्ठी बघून इंजेक्शन घाईने सोडू नका. ती डॉक्टरांना दाखवा आणि गरज वाटली तर डेक्सा करा.

कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या की इंजेक्शनाची झीज थांबते, असंही नाही. झीज इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे होते, गोळी ते परत आणत नाही. पण आधीच कॅल्शियम कमी पडत असेल तर नुकसान वाढतं, म्हणून पोटात पुरेसं जायला हवं. प्रौढ बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत. मोठा ग्लासभर दुधात किंवा तेवढ्याच दह्यात तीनशेच्या आसपास, आणि चटणीत दोन चमचे न सोललेले तीळ घातले की आणखी दीड-दोनशे. उरलेलं पालेभाज्या आणि डाळींतून येतं. दिवसभर घरात किंवा कारखान्यात असणाऱ्या बायकांना ऊन मिळत नाही, त्यांनी ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावं.

८. कार्डामागे लिहून ठेवायच्या चार ओळी

कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत मी या नोंदी ठेवत असे, तुम्हीही ठेवा. पहिल्या इंजेक्शनाची तारीख आणि त्या दिवशीचं वजन. प्रत्येक डोसाचा खरा दिवस. नवव्या डोसाआधीची, डॉक्टरांना भेटायची तारीख. आणि बाळ हवं असेल तो महिना, त्यातून दहा महिने वजा करून आलेला शेवटच्या इंजेक्शनाचा महिना. कार्डाचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा, कारण पावसाळ्यात कार्ड भिजतं आणि शाई सगळ्यात आधी तारखांची जाते.